व्हॅरिस्टर जळतो, मॉड्यूल जाते आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो तेव्हा

प्रश्न : मोटरचा कॉन्टॅक्टर चालू-बंद करणारा कंट्रोलर ATmega328P वर बनवला आहे. २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारे ३ वॅटचे तयार मॉड्यूल वापरले. त्याच्या आधी १ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि 14D431K व्हॅरिस्टर आहे. रात्री आमचा पुरवठा २९० ते ३०० व्होल्टपर्यंत चढतो. काही महिन्यांत व्हॅरिस्टर काळा पडून फुटला, मॉड्यूलही गेले, पण फ्यूज तसाच आहे. शिवाय सगळे ठीक असतानाही कंट्रोलर मधूनच अडकतो. नेमके काय बदलू?

उत्तर :

फ्यूज शाबूत आहे, यातच तुमच्या बिघाडाचे कारण सापडते. लाटेने, म्हणजे क्षणभराच्या सर्जने, व्हॅरिस्टर मेला असता तर बहुतेक वेळा तो थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. तुमचा व्हॅरिस्टर हळूहळू भाजून मेला आहे. सर्ज आणि चढलेला पुरवठा ही दोन वेगळी संकटे आहेत. पहिले काही मायक्रोसेकंद टिकते, दुसरे तासन् तास. व्हॅरिस्टर पहिल्यासाठी बनवलेला असतो आणि तुमच्याकडे तो रोज रात्री दुसऱ्याला तोंड देत होता.

हे आकड्यांत पाहू. 14D431K मधला १४ हा चकतीचा मिलिमीटरमधला व्यास आणि ४३१ म्हणजे ४३० व्होल्ट. या व्होल्टेजला त्यातून १ मिलिअँपिअर वाहू लागतो. शेवटचा K सांगतो की या आकड्यात दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणजे तुमच्या हातात आलेला नग ३८७ व्होल्टचाही असू शकतो आणि तरी तो निर्दोष माल ठरतो. डेटाशीटमध्ये त्याची सतत सोसण्याची मर्यादा २७५ व्होल्ट एसी दिलेली असते. आता ३०० व्होल्ट एसीचे शिखर काढा. १.४१४ ने गुणल्यावर ४२४ व्होल्ट येतात. व्हॅरिस्टरमधला करंट व्होल्टेजबरोबर फार झपाट्याने वाढतो. या भागात साधारण तिसावा घात धरला तरी अंदाज चांगला येतो.

`I = 1 mA × (424 / 387)^30 ≈ 15 mA`

प्रत्येक शिखरावर १५ मिलिअँपिअर गुणिले ४२४ व्होल्ट, म्हणजे क्षणभर सहा वॅटहून थोडे जास्त. हे फक्त शिखराच्या आसपासच घडते, त्यामुळे पूर्ण सायकलची सरासरी सुमारे ०.९ वॅट पडते. १४ मिलिमीटरच्या चकतीला सतत झेपणारी उष्णता असते ०.६ वॅट. चकती तापली की तिची गळती वाढते, गळती वाढली की ती आणखी तापते, आणि काही रात्रींनंतर रंग करपून चकती फुटते. या सगळ्या काळात फ्यूजमधून जास्तीचे गेले किती, तर जेमतेम १५ मिलिअँपिअर. १ अँपिअरच्या फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही. फ्यूजला फक्त करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. म्हणून ‘फ्यूज लहान करून पाहतो’ हा उपाय इथे लागू पडत नाही.

मॉड्यूलही त्याच रात्रींनी मारले असावे. अशा लहान मॉड्यूलमध्ये रेक्टिफायरनंतर बहुधा ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. त्यावर दर रात्री ४२४ व्होल्ट बसत होते. मेलेले मॉड्यूल कापून पाहिले आणि कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले, तर हे कारण पक्के समजा. कपॅसिटर ठणठणीत आणि स्विचिंग चिपला मात्र भोक पडलेले, असे दिसले तर सर्जवर संशय घ्या.

म्हणून पहिला बदल मॉड्यूलचा करा. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले मॉड्यूल साधारण २६४ व्होल्टपर्यंतच भरवशाचे असते. ८५ ते ३०५ व्होल्ट एसी इनपुटची मॉड्यूल मिळतात, त्यांतले आयसोलेटेड असलेले घ्या. चढ-उताराशी खरे तेच लढते, कारण आत येणारे व्होल्टेज बदलत राहिले तरी बाहेर ते ५ व्होल्टच देते. व्हॅरिस्टर व्होल्टेज स्थिर करत नाही, फक्त टोके छाटतो.

दुसरा बदल व्हॅरिस्टरचा. 14D471K ची सतत मर्यादा नेमकी ३०० व्होल्ट एसी आहे. तुमचा पुरवठाच ३०० ला जातो, म्हणून तो काठावर राहील. तुम्हाला 14D561K योग्य, त्याची मर्यादा ३५० व्होल्ट आहे. त्याचा सर्वांत खालचा नग ५०४ व्होल्टचा असेल आणि ४२४ च्या शिखराला तो तापण्याइतका करंट घेणारच नाही. जिथे पुरवठा २७० च्या वर जात नाही तिथे मी ४७१ लावतो, कारण तो लाट थोडी खाली धरतो. पण रात्रीचा पुरवठा मोजल्याशिवाय ४३१ लावू नये. दिवसा मोजलेला आकडा धरून चालू नका. किमान-कमाल नोंदवणारा मल्टिमीटर रात्रभर जोडून ठेवा.

आता ५६१ घेतल्याने एक किंमत मोजावी लागते आणि तिथेच बहुतेक सर्किट कमी पडतात. व्हॅरिस्टरचे क्लॅम्पिंग व्होल्टेज म्हणजे सर्जच्या वेळी त्याच्या टोकांवर उरणारे व्होल्टेज. 14D561K साठी ते ५० अँपिअरला सुमारे ९२० व्होल्ट असते आणि सर्ज मोठा असेल तर त्याहून जास्त. म्हणजे व्हॅरिस्टरने आपले काम चोख केले तरी मॉड्यूलच्या दारात क्षणभर ९२० व्होल्ट उभे राहतात. आतल्या स्विचिंग चिपला साधारण ६५० ते ७०० व्होल्ट झेपतात. मग मॉड्यूल वाचते कशाने? व्हॅरिस्टर आणि मॉड्यूल यांच्यामधल्या रोधाने आणि मॉड्यूलमधल्या कपॅसिटरने. लाट वीसएक मायक्रोसेकंदांत ओसरते, तेवढ्या वेळात कपॅसिटर किती भरू द्यायचा हे तो रोध ठरवतो.

समजा आत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि २३० व्होल्टवर तो ३२५ व्होल्टला भरलेला आहे. ९२० व्होल्ट वीस मायक्रोसेकंद सपाट टिकले असे धरू, हे खऱ्यापेक्षा थोडे कडकच आहे. मध्ये १० ओहम असतील तर :

`ΔV = 595 × (1 − e^(−20/47)) ≈ 205 V`

कपॅसिटर ५३० व्होल्टला पोचला. स्विचिंगच्या वेळी ट्रान्सफॉर्मरकडून परत येणारे शंभरएक व्होल्ट त्यात मिळवले की चिप अगदी कड्यावर येते. तोच रोध ३३ ओहम करा :

`ΔV = 595 × (1 − e^(−20/155)) ≈ 72 V`

आता कपॅसिटर ४०० च्या आतच थांबला. एवढ्या छोट्या भागाने इतका फरक पडतो आणि बहुतेक आकृत्यांत तो नसतोच. रोजच्या वापरात त्याचा त्रास काही नाही. ३ वॅटचे मॉड्यूल पूर्ण लोडवर ३५ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, त्यावर ३३ ओहममध्ये ०.०४ वॅट उष्णता होते. चालू करतानाचा कपॅसिटरचा झटकाही तो १० अँपिअरवर अडवतो, त्यामुळे वेगळा एनटीसी लागत नाही.

मात्र हा रेझिस्टर वायरवाऊंड आणि फ्युजिबल प्रकारचाच हवा, २ किंवा ३ वॅटचा. सर्जच्या वेळी त्यातून क्षणभर १८ अँपिअर जातात, म्हणजे त्या वीस मायक्रोसेकंदांत दहा किलोवॅटच्या आसपास. तारेच्या वेटोळ्याला हे सहज झेपते. साध्या कार्बन फिल्मचा पातळ थर अशा दोन-चार झटक्यांत तडकतो आणि वरून रेझिस्टर नवा दिसतो. फ्युजिबल असल्याचा फायदा हा की मॉड्यूल आतून शॉर्ट झाले तर तो ज्वाला न काढता उघडतो. मॉड्यूलचा खरा राखणदार तोच होतो आणि पुढच्या फ्यूजवर फक्त व्हॅरिस्टरची जबाबदारी उरते.

यामुळे फ्यूजचा आकडा निवडणेही सोपे होते. पुढचा फ्यूज फार लहान घेतला तर प्रत्येक बऱ्यापैकी सर्जला उडेल. ५०० अँपिअरचा छोटा सर्ज फ्यूजमधून गेला की त्याची I²t, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले वेळ, साधारण ३ A²s पडते. डेटाशीटमध्ये फ्यूज वितळण्याची I²t दिलेली असते, ती याच्या निदान दुप्पट असलेला घ्या. मी अशा ठिकाणी २ अँपिअरचा स्लो ब्लो, म्हणजे T खुणेचा, ५ × २० मिलिमीटरचा सिरॅमिक फ्यूज लावतो. काचेचा का नको? काचेच्या साध्या फ्यूजची तोडण्याची क्षमता बहुधा ३५ अँपिअर असते. व्हॅरिस्टर शॉर्ट झाला की मेन्समधून काहीशे अँपिअर येऊ शकतात. तेव्हा काच फुटते, आत ठिणगी टिकून राहते आणि सर्किट तुटल्यासारखे होऊनही तुटत नाही. वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज १५०० अँपिअरपर्यंत तोडतो. आकार तोच, होल्डर तोच, त्यामुळे काचेचा ठेवायला काही कारण नाही.

फ्यूज नेहमी फेजमध्ये आणि व्हॅरिस्टरच्या आधी. काही बोर्डांवर व्हॅरिस्टर थेट टर्मिनलवर आणि फ्यूज त्याच्या मागे असतो. तिथे व्हॅरिस्टर शॉर्ट झाला की पीसीबीचा ट्रॅक जळूनच सर्किट तुटते. तुमच्या बोर्डावर हा क्रम एकदा तपासाच.

पण सुरुवातीला पाहिलेला संथ भाजण्याचा प्रकार फ्यूज अजूनही पकडणार नाही. त्यासाठी थर्मल कटऑफ लागतो, ११५ अंश सेल्सिअसला कायमचा उघडणारा. तो व्हॅरिस्टरच्या चपट्या अंगाला चिकटवून, दोघांवर मिळून एक हीटश्रिंक नळी चढवून बसवा. चढवताना हॉट एअरची झोत कटऑफवर धरू नका. विजेच्या वाटेत तो फ्यूजनंतर आणि व्हॅरिस्टरच्या आधी येतो, म्हणजे तो उघडल्यावर व्हॅरिस्टरबरोबर मॉड्यूलही बंद पडते. काही जण फक्त व्हॅरिस्टर तोडतात आणि उपकरण चालू ठेवतात. मला ते पटत नाही. व्हॅरिस्टर गेल्याचे कुणाला कळत नाही आणि पुढचा सर्ज सरळ आत शिरतो. कटऑफ सोल्डर करताना त्याचा पाय बॉडीजवळ पक्कडीत धरून ठेवा, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो आणि तुम्ही तासभर बंद बोर्डात दोष शोधत बसता. हा कटऑफ आतच असलेले व्हॅरिस्टरही मिळतात, हाताने बांधण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल तुटला तर तुमच्या उपकरणावर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, शिखर ५६६. ५६१ चा खालच्या टोकाचा नग तिथे अडीच वॅट खाऊन तापेल आणि कटऑफ उघडेल. पण बरोबर ५६० चा नग निघाला तर तो ०.१ वॅटवर निवांत बसेल आणि मॉड्यूल मरेल. म्हणजे हे संरक्षण नगाच्या नशिबावर राहते. तुमच्याकडे मोटर आहे, म्हणून बोर्डाच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवाच. २७० ते २८० च्या वर आणि १८० च्या खाली तोडणारा आणि पुरवठा परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून जोडणारा घ्या. तुमच्या रात्री २९० च्या असल्याने तो रात्री मोटर चालू देणार नाही. ते योग्यच आहे, ३०० व्होल्टवर मोटरचे वाइंडिंग तापते. कंट्रोलर मात्र रात्री जागा ठेवायचा असेल तर रिलेने फक्त मोटरची वाट तोडा आणि ३०५ व्होल्टचे मॉड्यूल थेट पुरवठ्यावर राहू द्या. तेव्हा न्यूट्रल तुटण्याचा धोका कंट्रोलरने पत्करलेला असतो, हे लक्षात ठेवून एक मॉड्यूल सुटे ठेवा.

आता मधूनच अडकण्याबद्दल. याचा सर्जशी संबंध कमी आणि तुमच्याच कॉन्टॅक्टरशी जास्त आहे, असा माझा कयास आहे. अडकणे मोटर बंद होण्याच्या क्षणी घडते का, ते पाहा. कॉन्टॅक्टरची कॉइल तुटताना रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणग्यांची माळ उठते आणि अतिशय वेगवान व्होल्टेजच्या उड्या वायरिंगभर पसरतात. व्हॅरिस्टर त्यांना अडवत नाही, कारण त्यांची उंची बहुधा त्याच्या पातळीखालीच असते.

इथे आयसोलेटेड पुरवठ्याबद्दलचा एक गैरसमज दूर करू. आयसोलेशनमुळे ५ व्होल्टची बाजू हाताला सुरक्षित होते आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम वर उचलले गेले तरी खालच्या बाजूला थेट वाट मिळत नाही. पण वेगवान उडीला ट्रान्सफॉर्मरमधली आणि Y कपॅसिटरची नॅनोफॅरडभर धारिता पुरते. एका मायक्रोसेकंदात हजार व्होल्टची उडी १ नॅनोफॅरडमधून १ अँपिअर ढकलते. हा करंट तुमच्या सेन्सरच्या लांब तारेतून किंवा प्रोग्रामिंगच्या केबलमधून बाहेर पडायला वाट शोधतो आणि जाता जाता रिसेटच्या पायावर खोटा पल्स देऊन जातो. उपाय उगमापाशी करा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर, कॉइलच्या टर्मिनललाच, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा X2 कपॅसिटर असा सिरीज स्नबर लावा. X2 च हवा, साधा पॉलिएस्टर मेन्सवर कालांतराने शॉर्ट होऊन पेटू शकतो. रिसेटला १० किलोओहमचा पुलअप आणि चिपच्या प्रत्येक पुरवठा-पायाशी ०.१ मायक्रोफॅरड आहेत ना, तेही बघा.

स्नबरनंतरही अडकला, तर पुरवठा खाली बसताना काय होते ते पाहावे लागेल. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळते. ५ व्होल्टच्या बाजूला १००० मायक्रोफॅरड लावून प्रश्न सुटेल असे वाटते, पण १०० मिलिअँपिअरच्या लोडला अर्धा व्होल्ट घसरायला त्यात फक्त ५ मिलिसेकंद लागतात. खरा साठा मॉड्यूलच्या उच्च व्होल्टेजच्या कपॅसिटरमध्ये असतो. तोच ४.७ मायक्रोफॅरड ३२५ पासून १०० व्होल्टपर्यंत उतरताना अर्ध्या वॅटच्या लोडला साधारण ०.३ सेकंद तगवतो. म्हणून क्षणिक घसरण सहसा निभावते. लांबलेली घसरण निभावत नाही, तेव्हा चिप ना चालू ना बंद अशा अवस्थेत ४ व्होल्टवर लोंबकळते आणि ईईप्रॉममध्ये कचरा लिहिते. त्यावर चिपमधला ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे पुरवठा ठरल्या पातळीखाली गेला की चिपला रिसेटमध्ये धरणारा भाग, ४.३ व्होल्टला लावणे हाच उपाय.

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFC:m
```

हे ५ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डासाठी आहे. तुमचा बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर ही किंमत लिहू नका, चिप कायम रिसेटमध्येच राहील. त्यासाठी `0xFD`, म्हणजे २.७ व्होल्टची पातळी आहे.

पीसीबीवर मेन्स आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये निदान ६ मिलिमीटर मोकळी पट्टी ठेवा. तिच्यात तांबे नको, स्क्रू नको, ग्राउंड प्लेन तर नकोच. मॉड्यूलने ३००० व्होल्टचे आयसोलेशन दिले आणि रिलेच्या कॉइलचा ट्रॅक कॉन्टॅक्टच्या ट्रॅकपासून १ मिलिमीटरवरून नेला, तर आयसोलेशन १ मिलिमीटरचेच उरते. रिलेच्या पोटाखाली बोर्डाला खाच पाडता आली तर उत्तम, धूळ आणि दमट हवेत पृष्ठभागावरून होणारी गळती ती तोडते. व्हॅरिस्टरकडे जाणारे फेज आणि न्यूट्रलचे ट्रॅक मात्र रुंद आणि आखूड ठेवा, ३ मिलिमीटर तरी, कारण शेकडो अँपिअर तिथूनच जातात.

जोडणी झाली की पहिल्यांदा सरळ मेन्सला लावू नका. ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पूर्ण पेटलेला राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग व्हेरिअ‍ॅक मिळाला तर ३०० व्होल्टवर अर्धा तास चालवा आणि व्हॅरिस्टरचे तापमान बोटाने नव्हे, थर्मोकपलने किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. व्हॅरिस्टरवर नळी चढवलेली असेल तर नळीवर मोजले तरी कल येतो. आजूबाजूच्या भागांपेक्षा तो पाच-सात अंशांहून जास्त गरम लागला तर तो नग खालच्या टोकाचा आहे किंवा आधीच थकलेला आहे, तो बदलूनच खोका बंद करा.